चार हजार डॉलर मिरजेला पोचेपर्यंत

२८ ऑगस्ट २०२५, गुरुवार. न्यू जर्सीत सकाळचे सव्वासहा वाजले होते आणि आईनं मिरजेहून पासबुकाच्या ताज्या पानाचा फोटो पाठवला. शेवटच्या ओळीत जमेच्या रकान्यात ३,४३,६३६.६२ असा आकडा होता. त्याखाली आईनं लिहिलं होतं, "आले गं. पण थोडे कमी आहेत का?"

कमीच होते. बाबांच्या दोन्ही गुडघ्यांच्या ऑपरेशनसाठी हॉस्पिटलनं ३,४५,००० रुपये शुक्रवारपर्यंत भरायला सांगितले होते. ऑपरेशन गौरी-गणपती झाल्यावर होतं, पण सांधे आधी मागवावे लागतात म्हणून रक्कम आधी हवी होती. मी फोनवर डॉलरचा भाव बघितला होता, ८७.६० च्या आसपास. चार हजारांना गुणलं तर ३,५०,४०० रुपये होतात. पाच हजार वरच राहतील म्हणून मी निर्धास्त होते. प्रत्यक्षात १,३६३ रुपये कमी पडले आणि ते आईनं घरखर्चातून घातले. रक्कम मोठी नव्हती, पण गणपतीच्या दिवसांत आईला डबे धुंडाळायला लागले याचं मला फार वाईट वाटलं. तेव्हाच ठरवलं की ६,७६३ रुपये नेमके कुठे गेले ते रुपयापर्यंत शोधायचं.

मी ज्या क्रेडिट युनियनमधून पैसे पाठवले ती आपल्याकडच्या पतसंस्थेसारखी, सभासदांची, छोटी संस्था आहे. सोमवारी २५ तारखेला संध्याकाळी ऑफिसातून आल्यावर ऑनलाइन वायर ट्रान्सफरचा फॉर्म भरला. पाठवणावळ ४५ डॉलर खात्यातून वेगळी कापली गेली. ती मला आधीच दिसत होती, त्याबद्दल तक्रार नाही. वायरची त्या दिवसाची वेळ मात्र दुपारीच संपली होती, म्हणजे माझा सोमवार वाया गेला. पैसे निघाले मंगळवारी सकाळी अकराला. तेव्हा मिरजेत रात्रीचे साडेआठ वाजले होते आणि बँक कधीच बंद झाली होती. दुसऱ्या दिवशी बुधवारी २७ तारखेला गणेश चतुर्थी. महाराष्ट्रात बँका बंद, मुंबईतला परकीय चलनाचा बाजारही बंद. गणपती कधी आहेत हे मला पाठ होतं, पण पैसे पाठवताना ती तारीख डोक्यात आलीच नाही.

आता पैसे "जातात" म्हणजे काय होतं, ते मला शाखेतल्या परकीय व्यवहार बघणाऱ्या साहेबांनी फोनवर समजावलं. डॉलर अमेरिकेबाहेर जातच नाहीत. आईच्या बँकेचं न्यूयॉर्कमधल्या एका बँकेत डॉलरचं खातं आहे. त्याला बँकवाले नॉस्ट्रो म्हणतात. माझे डॉलर तिथे जमा झाले की मुंबईतली आपली बँक त्यांच्या बदल्यात आईला रुपये देते. डॉलर तिथेच राहतात, रुपये इथले इथे. मधे प्रवास करतो तो फक्त निरोप, जगभरच्या बँका एकमेकींना निरोप धाडतात त्या स्विफ्ट नावाच्या जाळ्यावरून. म्हणून दोन प्रश्न महत्त्वाचे ठरतात. न्यूयॉर्कच्या त्या खात्यापर्यंत किती डॉलर पोचले, आणि मुंबईत त्यांचे रुपये कोणत्या वेळी, कोणत्या दरानं केले.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर माझ्या क्रेडिट युनियनकडे धड नव्हतं. "आम्ही चार हजार पाठवले," एवढंच ते सांगत होते. त्यांच्याकडून मी व्यवहाराचा यूईटीआर मागून घेतला. हा ३६ अक्षरांचा क्रमांक असतो, चार आडव्या रेघांनी तोडलेला, आणि वाटेतली प्रत्येक बँक तो तसाच पुढे नेते. २०१८ च्या नोव्हेंबरपासून स्विफ्टवरच्या अशा प्रत्येक निरोपावर तो असणं सक्तीचं आहे. पावतीवर मात्र तो सहसा छापत नाहीत, मागावा लागतो. तो क्रमांक आईनं शाखेत दिला आणि आलेल्या निरोपाची छापील प्रत मागितली. "एमटी १०३ ची प्रत द्या" असं म्हणायला मी तिला शिकवलं होतं. त्या कागदावरच्या कामाच्या ओळी या:

```
:32A:250826USD3975,00
:33B:USD4000,00
:71A:SHA
:71F:USD15,00
:71F:USD10,00
```

या पाच ओळी वाचायला शिकल्यावर मला खरंच हायसं वाटलं. `33B` म्हणजे मी पाठवायला सांगितलेली रक्कम. `32A` म्हणजे प्रत्यक्ष पोचलेली रक्कम आणि तिची तारीख, २६ ऑगस्ट. `71F` च्या दोन ओळी म्हणजे वाटेत दोन बँकांनी कापलेले पैसे, कापले त्याच क्रमानं. माझ्या क्रेडिट युनियनला परदेशी व्यवहार थेट करता येत नाहीत. ती आधी अमेरिकेतल्याच एका मोठ्या बँकेकडे पैसे देते. त्या बँकेनं १५ डॉलर ठेवून घेतले. पुढे न्यूयॉर्कची नॉस्ट्रोवाली बँक, तिनं १०. आणि हे त्यांना करता आलं `71A` पुढच्या तीन अक्षरांमुळे. `SHA` म्हणजे खर्च वाटून घ्यायचा, पाठवणारीनं आपल्या संस्थेची फी भरायची आणि पुढचं सगळं रकमेतून वळतं व्हायचं. `OUR` असतं तर सगळा खर्च माझ्या माथी आला असता आणि आईकडे पूर्ण चार हजार जायला हवे होते. `BEN` असतं तर सगळाच खर्च आईच्या रकमेतून गेला असता. माझ्या फॉर्मवर हा पर्याय विचारलाच नव्हता, त्यांनी आपणहून `SHA` घातलं होतं.

म्हणजे २५ डॉलर गेले. ८७.६० नं धरले तर २,१९० रुपये. उरलेल्या साडेचार हजारांचा शोध मुंबईत लागला.

गुरुवारी सकाळी बँक उघडली तेव्हा माझे डॉलर न्यूयॉर्कच्या त्या खात्यात दोन दिवसांपासून पोचलेले होते. पण त्यांचे रुपये केलेले नव्हते, कारण पैसे कशासाठी आलेत ते निरोपात लिहिलेलंच नव्हतं. भारतात बाहेरून येणाऱ्या प्रत्येक रकमेला रिझर्व्ह बँकेच्या यादीतला पर्पज कोड लावावा लागतो. अनिवासी भारतीयानं घरखर्चासाठी आणि बचतीसाठी पाठवलेल्या पैशांचा कोड `P1301`. वायरच्या फॉर्मवर शेरा लिहायची एक जागा होती आणि ती मी रिकामी सोडली होती. तिथे `FAMILY MAINTENANCE P1301` लिहिलं असतं तर बँकेला विचारायची वेळ आली नसती. साडेअकराला शाखेतून आईला फोन आला, "काकू, मुलीचे पैसे आलेत, पण एका फॉर्मवर सही लागेल." घरात गणपती बसलेले, नैवेद्याचा स्वयंपाक अर्धा झालेला. ती गॅस बंद करून रिक्षानं गेली, सही केली आणि पैसे जमा होईपर्यंत तिथेच बाकड्यावर बसून राहिली. तीन वाजता पासबुक छापून घेतलं.

दर लागला तो गुरुवारचा. पोचल्याची तारीख २६ असली तरी ज्या दिवशी बँक रूपांतर करते त्या दिवसाचा दर मिळतो, हे मला त्या दिवशी कळलं. डॉलरच्या वायरमध्ये हा धोका आपलाच असतो. पाठवताना दर ठरलेलाच नसतो, त्यामुळे वाटेत गेलेल्या प्रत्येक दिवसाचा चढउतार घरच्यांच्या रकमेवर येतो. तो नेहमी तोट्याचाच असतो असंही नाही. दुसऱ्याच दिवशी, शुक्रवारी २९ तारखेला, रुपया पहिल्यांदाच ८८ च्या पार गेला. आईची सही एक दिवस उशिरा झाली असती तर जास्त रुपये मिळाले असते. पण हॉस्पिटलला शुक्रवारी पैसे द्यायचे असताना असा विचार कुणी करत नाही.

गुरुवारी बाजारात डॉलर ८७.६० च्या आसपास होता आणि बँकेनं आईला दिला ८६.५५ नं. हा फरकच सगळ्यात मोठा कापणारा होता. फोनवर आपल्याला दिसतो तो बँकांनी आपसात डॉलर घेण्या-विकण्याचा मधला भाव. गिऱ्हाइकासाठी बँक रोज सकाळी स्वतःचा तक्ता काढते, त्याला कार्ड रेट म्हणतात. त्या तक्त्यात अनेक रकाने असतात. बाहेरून आलेल्या वायरला लागतो तो टीटी बायिंगचा. नोटांचा रकाना वेगळा आणि त्याचा भाव याहून वाईट, म्हणून तक्ता बघताना रकाना चुकवू नये. एका डॉलरमागे १ रुपया ५ पैसे ऐकायला किरकोळ वाटतात, पण ३,९७५ डॉलरवर ते ४,१७३.७५ रुपये होतात. आणि हे पैसे कुठल्याही कागदावर "शुल्क" म्हणून दिसत नाहीत. पासबुकात नाहीत, पावतीवर नाहीत. बाजारभाव शेजारी ठेवून वजाबाकी केल्याशिवाय ते सापडतच नाहीत.

राहिले ३९९ रुपये ६३ पैसे. तो चलन बदलण्याच्या सेवेवरचा जीएसटी. शेजारच्या काकांनी आईला सांगितलं होतं, "परदेशातून पैसे आले की अठरा टक्के कर कापतात," आणि ती घाबरली होती. तसं नाही. कर लागतो तो सेवेची जी किंमत धरली जाते तिच्यावर. पहिल्या एक लाख रुपयांना १ टक्का म्हणजे १,००० रुपये, त्यापुढे दहा लाखांपर्यंतच्या रकमेवर अर्धा टक्का. आईच्या बाबतीत रूपांतराचे ३,४४,०३६.२५ रुपये झाले. लाखाच्या वरच्या भागाचा अर्धा टक्का १,२२०.१८, त्यात ते हजार मिळवून २,२२०.१८, आणि याचे १८ टक्के ३९९.६३. आई मराठी शाळेत गणित शिकवायची. हा हिशोब तिनं तिच्या वहीत स्वतः करून बघितला आणि जुळल्यावर मला फोन करून सांगितलं. लेकीनं आईला दिलेल्या पैशांवर आईला आयकर नाही, हेही मी तिला तेव्हाच सांगून टाकलं.

तर दोन बँकांची कपात २,१९०, दरातला फरक ४,१७३.७५, जीएसटी ३९९.६३. बेरीज ६,७६३.३८. पैसा न् पैसा सापडला. माझ्याकडून आधी घेतलेले ४५ डॉलर धरले तर सगळा मिळून खर्च १०,७०५ रुपये, म्हणजे मी खात्यातून काढलेल्या रकमेच्या तीन टक्क्यांहून थोडा जास्त.

यातलं काय परत मिळू शकतं याचा मी शोध घेतला. अमेरिकेत घरगुती रकमा बाहेर पाठवण्यासाठी रेग्युलेशन ई नावाच्या सरकारी नियमावलीत एक नियम आहे, २०१३ च्या ऑक्टोबरपासून लागू असलेला. पैसे घेण्याआधी संस्थेनं फी, स्वतः चलन बदलत असेल तर दर, वाटेतल्या बँकांची कपात आणि शेवटी किती रक्कम पोचेल, हे लिहून द्यायचं. पैसे भरल्यापासून अर्ध्या तासात, रक्कम अजून समोरच्याला मिळालेली नसेल तर, व्यवहार रद्दही करता येतो. मी माझी पावती काढली. `Total to Recipient` पुढे 4,000.00 USD असं स्वच्छ लिहिलेलं होतं. वाटेतल्या कपातीचा उल्लेख नाही, आणि आकड्यामागे `Estimated` हा शब्दही नाही. तो शब्द असता तर माझं म्हणणं लंगडं पडलं असतं, कारण अंदाज म्हणून दिलेल्या आकड्यात खऱ्या फीमुळे पडलेला फरक चूक धरला जात नाही. पावतीच्या तळाशी एवढंच होतं की पैसे घेणाऱ्याची बँक आणि परदेशी कर यांमुळे रक्कम कमी होऊ शकते. मुंबईच्या बँकेचा दर आणि जीएसटी या ओळीत बसतात. मधल्या दोन बँका बसत नाहीत.

सप्टेंबरमध्ये मी लेखी तक्रार दिली. मुदत १८० दिवसांची असते. सोबत पावती आणि आईनं पाठवलेली एमटी १०३ ची प्रत जोडली, `71F` च्या दोन ओळींखाली रेघ मारून. काउंटरवरच्या बाईंना पहिल्यांदा ते कळलं नाही, "हे आमच्या हातात नाही" म्हणाल्या. मी आवाज न चढवता म्हटलं की तुमच्या हातात नसेल, पण तुमच्या कागदावर आहे. तीन आठवड्यांनी २५ डॉलर माझ्या खात्यात परत आले. ज्या संस्था वर्षाला ५०० किंवा त्याहून कमी अशा रकमा पाठवतात त्यांना हा नियम लागू नाही, म्हणून फार छोट्या संस्थेतून पाठवणाऱ्यांनी आधी विचारून घ्यावं.

दरातल्या फरकाबद्दल शाखेतल्या साहेबांना विचारलं. ते सरळ माणूस होते. म्हणाले, "ताई, कार्ड रेट काही देवाची रेषा नाही. रक्कम बरी असेल तर रूपांतर व्हायच्या आधी आम्हाला सांगा, आम्ही ट्रेझरीला विचारून थोडा बरा दर मागतो. एकदा जमा झाल्यावर मात्र काही करता येत नाही." आईनं त्या गुरुवारी सही करतानाच हे विचारलं असतं तर कदाचित हजार-दोन हजार वाचले असते. कुणीच तिला सांगितलं नाही, आणि मलाही माहीत नव्हतं.

ऑक्टोबरमध्ये फिजिओथेरपीसाठी पंधराशे डॉलर पाठवायचे होते. या वेळी मी वायरच केली नाही. दर आधी सांगणाऱ्या, अमेरिकेतच रुपयात हिशोब करणाऱ्या एका सेवेतून पाठवले. सोमवारी ६ तारखेला बाजारात डॉलर ८८.७५ च्या आसपास होता. त्यांनी ८८.२५ चा दर बांधून दिला, वेगळी फी नाही. पोचणारी रक्कम पडद्यावर आधीच दिसत होती, १,३२,३७५ रुपये. बाजारभावाच्या मानानं ७५० रुपये कमी, साधारण अर्धा टक्का. वाटेत नॉस्ट्रोची साखळी नाही, कारण त्यांची भारतातली भागीदार बँक रुपयेच पाठवते, एनईएफटीनं. पहिल्या वेळी मात्र असल्या सेवा नव्या गिऱ्हाइकाला खास दर देतात, तो बघून कायमचं मत बनवू नये. माझी ही तिसरी वेळ होती, आधी दोनदा शंभर-शंभर डॉलर पाठवून बघितले होते.

वेळेचं गणित मात्र इथे वेगळं आहे. एनईएफटी आता रात्रंदिवस, दर अर्ध्या तासानं चालतं, सुट्टीतसुद्धा, त्यामुळे भारताकडचा उशीर जवळजवळ गेला. उशीर झाला तो माझ्या बाजूला. बँक खात्यातून त्यांच्याकडे पैसे वळते व्हायला दोन-तीन दिवस लागतात आणि तोवर ते पुढे पाठवत नाहीत. डेबिट कार्डानं दिले तर लगेच जातात, पण फी लागते. सोमवारी सुरू केलेली रक्कम गुरुवारी पोचली. दर मात्र सोमवारचाच राहिला. आणखी एक काळजी घ्यावी लागते. एनईएफटीत रक्कम खाते क्रमांकावरच जमा होते, नाव जुळवून बघतीलच असं नाही. म्हणून पहिले शंभर डॉलर आईच्या खात्यात आल्याचं तिनं पासबुकात दाखवल्याशिवाय मी पुढची रक्कम पाठवली नाही.

गुरुवारी संध्याकाळी बाबा काठी टेकत, सहा आठवड्यांत पहिल्यांदाच कोपऱ्यावरच्या शाखेपर्यंत चालत गेले आणि पासबुक छापून आणलं. आईनं फोटो पाठवला, १,३२,३७५.०० वर बोट ठेवून. वहीत तिनं आता चार रकाने आखले आहेत. निघालेले डॉलर, त्या दिवसाचा बाजारभाव, मिळालेला दर, जमा झालेले रुपये. पाचवा तिनं आपल्या मनानं वाढवलाय, किती दिवस लागले त्याचा.